शेवटचे शब्द कुणी ऐकले?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही चेन्नईत राहतो. त्यागरायनगरमधलं कामराजांचं घर पाहायला गेलो, तेव्हा तिथे भेटलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "दिवा मालवून जा, हे कामराजांचे शेवटचे शब्द." त्याच गप्पांत त्यांनी असंही सांगितलं, की गांधीजींचे सचिव कल्याणम याच शहरात राहायचे आणि गांधीजी 'हे राम' म्हणालेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या माणसांचे शेवटचे शब्द खरे की मागाहून रचलेले, हे जवळ असलेल्या माणसांच्या सांगण्यावरून तपासता येतं का?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर : तपासता येतं, पण 'खरं' किंवा 'खोटं' असं एका शब्दाचं उत्तर दर वेळी हाती लागत नाही. तुम्हाला त्या गृहस्थांनी दिलेली दोन्ही उदाहरणं या कामाला छान आहेत. एकात साक्षीदार एकच आहे. दुसऱ्यात साक्षीदार शेकडो आहेत आणि तरी गोंधळ जास्त आहे.

आधी कामराज. २ ऑक्टोबर १९७५, गांधीजयंतीचा दिवस. आणीबाणी लागून तीन महिने झाले होते. कामराज ७२ वर्षांचे होते. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे तिरुमलै पिळ्ळै रस्त्यावरच्या त्या भाड्याच्या घरात मुलंबाळं नव्हती, सोबतीला सेवक असत. हकिकत अशी सांगतात : दुपारी जेवून ते आडवे झाले. थोड्या वेळाने अस्वस्थ वाटू लागलं, घाम फुटला. त्यांनी वैरवन या सेवकाला हाक मारली. डॉक्टरांना फोन गेला. मग कामराज वैरवनला म्हणाले, की डॉक्टर आले की मला उठव, आता दिवा मालवून जा. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

खोलीत मरणारा माणूस आणि वैरवन, असे दोघंच. म्हणजे पडताळ्याला दुसरा साक्षीदार नाही. अशा वेळी बोलण्यातच काही खुणा सापडतात का, हे पाहावं लागतं. पहिली खूण म्हणजे वाक्य अगदी घरगुती आहे. पुढाऱ्याच्या तोंडी घालायचं म्हणून कुणी वाक्य रचायला बसलं असतं, तर त्यात देश आला असता, गरीब आले असते, निदान गांधीजयंती तरी आलीच असती. झोपायला निघालेला माणूस दिवा मालवायला सांगतो यात रचण्यासारखं काहीच नाही, आणि सेवकाला त्यातून काही मिळवायचंही नव्हतं. म्हणून वैरवनचं सांगणं मला विश्वासार्ह वाटतं.

दुसरी खूण जास्त बोलकी आहे. हे वाक्य लोकांच्या तोंडी जाता जाता अर्धं झालं. "डॉक्टर आले की मला उठव" हा भाग गळतो आणि "दिवा मालवून जा" एवढंच उरतं. का, ते उघड आहे. तमिळनाडूचा दिवा विझला, असं म्हणायची सोय त्यात आहे. पण गळलेला भागच महत्त्वाचा आहे. त्यावरून कळतं, की आपण उठणार आहोत, असं कामराजांना वाटत होतं. तो निरोप नव्हता. शब्द खरे असूनही त्यांचा अर्थ मागाहून बदललेला असू शकतो, तो असा. ज्याने ते ऐकले त्याने खोटं सांगितलं नाही. पुढे सांगणाऱ्यांनी नको तो भाग सोडून दिला. म्हणून 'शेवटचे शब्द' म्हणून एखादं एकच आटोपशीर वाक्य कानावर आलं, की मी आधी विचारतो, त्याच्या मागेपुढे आणखी काय होतं?

साक्षीदाराबद्दल आणखी एक प्रश्न असतो, आणि तो चेन्नईकरांना नव्याने समजवायला नको. तो खरंच खोलीत होता का? जयललिता २२ सप्टेंबर २०१६ पासून ५ डिसेंबरपर्यंत रुग्णालयात होत्या. त्या दिवसांत त्यांनी इडली खाल्ली, त्या बोलल्या, असं मंत्री आणि पक्षाचे लोक बाहेर सांगत होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यातलेच एक मंत्री, दिंडिगल श्रीनिवासन, जाहीर सभेत लोकांची माफी मागून मोकळे झाले. आम्ही खोटं बोललो, आम्हाला त्यांना भेटताच आलं नव्हतं, असं ते म्हणाले. रुग्णालयाच्या दारात असणं म्हणजे खाटेजवळ असणं नव्हे. एरवी एवढी स्पष्ट कबुली मिळत नाही, म्हणून ज्याच्या नावावर शब्द सांगितले जातात तो त्या क्षणी नेमका कुठे उभा होता, हे आपणच शोधावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या अवघड भागाकडे वळू. गांधीजी अंथरुणात गेले नाहीत, भर प्रार्थनेच्या वाटेवर गेले. पण मरणाऱ्याच्या शेजारच्या माणसांची साक्ष कशी तोलायची, याचं याहून भरलेलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीतलं बिर्ला भवन. चार वाजता वल्लभभाई पटेल भेटायला आले आणि बोलणं लांबलं. पाचची प्रार्थना, पण गांधीजी खोलीतून निघाले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. उशीर त्यांना खपत नसे, म्हणून ते हिरवळीवरून भराभर चालत होते. उजव्या बाजूला मनुबेन, डाव्या बाजूला आभाबेन, दोघींच्या खांद्यांवर त्यांचे हात. कल्याणम मागून चालत होते. गर्दी दुभंगून वाट झाली. नथुराम गोडसे पुढे आला. बापूंना आधीच उशीर झालाय, असं म्हणत मनुबेनने त्याला बाजूला करायचा प्रयत्न केला. त्याने तिला ढकललं. तिच्या हातातली वही, माळ आणि पिकदाणी खाली पडली आणि ती उचलायला ती वाकली. त्याच क्षणी तीन गोळ्या सुटल्या. वेळ साधारण पाच वाजून सतरा मिनिटं.

आता कुणी काय ऐकलं ते पाहू.

मनुबेनच्या लिखाणाप्रमाणे गांधीजींचे हात जोडलेले होते आणि तोंडून 'हे रा...म' असे शब्द आले, दुसऱ्यांदा तर अर्धेच. मात्र गोळ्यांच्या आवाजाने आपले कान बधिर झाले आणि धूर दाट होता, हेही तीच लिहिते. पानिपतचे व्यापारी सरदार गुरबचनसिंग यांनी लाल किल्ल्यातल्या खटल्यात साक्ष दिली. त्यांनी सांगितलेले शब्द 'हाय राम' असे होते. तुघलक रोड पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी पावणेसहाला नोंदवलेल्या फिर्यादीत 'राम राम' असं आहे. ही फिर्याद कॅनॉट सर्कसला राहणाऱ्या नंदलाल मेहतांची. ते त्या वेळी तिथे हजर होते. आणि कल्याणम यांनी काहीच ऐकलं नाही.

कल्याणम यांच्या म्हणण्याचा प्रवास नीट पाहा, कारण तुमच्या गृहस्थांनी त्याचं एकच टोक सांगितलं. २००६ साली केरळातल्या कोल्लम इथे ते पत्रकारांशी बोलले आणि 'गांधीजी हे राम म्हणाले नाहीत' अशी बातमी देशभर झाली. ती बरीच वर्षं टिकली. २०१८ च्या जानेवारीत, चेन्नईतच, त्यांनी वृत्तसंस्थेला खुलासा केला, की ते म्हणाले नाहीत, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मला ऐकू आलं नाही, एवढंच मी सांगितलं. गोंधळ इतका होता, की काही ऐकणं शक्यच नव्हतं, ते म्हणालेही असतील. २०२१ च्या मे महिन्यात, नव्वदी कधीच ओलांडलेले कल्याणम चेन्नईतच वारले. पण पहिली बातमी अजून हिंडते आहे. खुलासा मागे पडला.

'त्याने ऐकलं नाही' आणि 'तो बोलला नाही' या दोन वाक्यांतलं अंतर न्यायालयं पूर्वीपासून जपत आली आहेत. दोन साक्षीदार सारख्याच जागी होते, एक म्हणतो मी ऐकलं, दुसरा म्हणतो मला ऐकू आलं नाही. तेव्हा ऐकणाऱ्याच्या साक्षीला सहसा जास्त वजन मिळतं, कारण न ऐकायला शंभर कारणं असतात. अपवाद एकच. न ऐकणारा अशा जागी आणि अशा स्थितीत हवा, की शब्द उच्चारला गेला असता तर त्याच्या कानी पडलाच असता. कल्याणम तशा स्थितीत होते का?

तर इथे एक गोष्ट आपण सहसा उलटी समजतो. जो सर्वांत जवळ, त्याला सर्वांत स्पष्ट ऐकू आलं असणार, असं वाटतं. पिस्तुलाच्या बाबतीत ते खरं नाही. गोडसेच्या हातातलं बेरेटा पिस्तूल नऊ मिलिमीटरचं होतं. अशा पिस्तुलाचा आवाज दोन-चार फुटांवर दीडशे डेसिबलच्याही वर जातो. अशा तीन धमाक्यांनंतर कानात नुसता शिट्टीसारखा आवाज घुमतो आणि काही मिनिटं ते नीट काम देत नाहीत. शिवाय जिवावरच्या प्रसंगात मेंदू कधी कधी ऐकणं बंदच करतो. गोळीबारात सापडलेले पोलीस पुष्कळदा सांगतात, की आपल्याच बंदुकीचा आवाज आपल्याला ऐकू आला नाही. त्यामुळे मनुबेन, आभाबेन, कल्याणम आणि गोडसे, हे चौघं अगदी जवळ होते, पण कुजबुजीएवढा आवाज टिपायला चौघांचेही कान त्या घटकेला निकामी असण्याचा संभव मोठा. उलट दहा-पंधरा फुटांवरच्या माणसाचे कान थोडे शाबूत असतील, पण त्याला मधली गर्दी आड येते.

आवाजांबद्दलच्या साक्षी किती सैल असतात, याचा पुरावाही त्याच मैदानावर आहे. अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीन त्या वेळी प्रार्थनेच्या जागेजवळ, बीबीसीच्या रॉबर्ट स्टिम्सनसोबत उभे होते. शीन यांचं काम ऐकून-पाहून लिहिण्याचंच. त्यांनी पुढे पुस्तकात लिहिलं, की चार बद्द आवाज झाले. गोळ्या तीन होत्या. सरावलेल्या पत्रकाराचा पिस्तुलाच्या बारांचा हिशोब चुकतो, तिथे पुटपुटलेल्या दोन अक्षरांबद्दल कुणी किती छातीठोक बोलावं?

वैद्यकाची मदत होते का? थोडीशी. कुटुंबीयांच्या इच्छेप्रमाणे शवाची चिरफाड झाली नाही, सिव्हिल सर्जनांनी बाहेरून तपासणी केली. एक गोळी छातीत आणि दोन पोटात लागल्या होत्या. डोक्याला जखम नव्हती. अशा जखमांत रक्त झपाट्याने जातं, पण मेंदूत शिल्लक असलेल्या रक्तावर माणूस काही सेकंद शुद्धीत राहू शकतो, आणि फुप्फुसात हवा असेपर्यंत एक-दोन शब्द निघू शकतात. म्हणजे 'बोलणं अशक्य होतं' असं म्हणणाऱ्यांना वैद्यकाचा आधार नाही, आणि 'बोललेच' असं म्हणणाऱ्यांनाही नाही. वैद्यक फक्त दार उघडं ठेवतं. लांबलचक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर मात्र ते याच कसोटीवर बाद झालं असतं.

मग साक्षीदाराच्या मनात आधीपासून काय होतं, हा प्रश्न येतो. मनुबेनच्या नोंदीप्रमाणे आदल्याच रात्री गांधीजी तिला म्हणाले होते, की मी आजाराने खितपत मेलो तर हा खोटा महात्मा होता, असं जगाला ओरडून सांग. कुणी गोळी घातली आणि ती उघड्या छातीवर झेलून मी रामनाम घेत गेलो, तरच खरा म्हण. एखादीने हे ऐकलेलं आहे आणि वीस तासांच्या आत तेच डोळ्यांसमोर घडतं आहे. अशा वेळी ऐकायचं काय, हे मन आधीच ठरवून बसलेलं असतं. अर्धवट 'रा' चा 'राम' व्हायला वेळ लागत नाही. मनुबेन खोटं बोलली, असं मी अजिबात म्हणत नाही. ती विशीतली मुलगी होती, आणि जे ऐकायला हवं होतं ते ऐकू येणं यात खोटेपणा नसतो.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही वजन टाकते. २० जानेवारीला प्रार्थनासभेजवळ बॉम्ब फुटल्यानंतर गांधीजी याच आशयाचं इतरांशीही बोलले होते. दाई रंभाने लहानपणी भीती घालवायला शिकवलेलं रामनाम त्यांनी आयुष्यभर रोज घेतलं होतं. ज्याच्या जिभेवर ते साठ-सत्तर वर्षं घोळलं, त्या माणसाच्या तोंडून दचकल्या क्षणी तेच बाहेर येणं सहज शक्य आहे. ठेच लागली की आपल्या आजीच्या तोंडून 'विठ्ठला' निघायचं, ते ठरवून थोडंच निघायचं? तेव्हा मनुबेनची अपेक्षा तिची साक्ष थोडी हलकी करते, आणि गांधीजींची सवय ती पुन्हा थोडी जड करते.

अशा गुंत्यात मला सर्वांत उपयोगी पडतो तो नोंदीचा काळ. शब्द प्रसिद्ध होण्याआधी ते कुणी लिहून ठेवले का? मनुबेनचं पुस्तक पुढे बऱ्याच वर्षांनी आलं. खटल्यातली साक्ष काही महिन्यांनंतरची. कल्याणम यांचं बोलणं तर ५८ वर्षांनंतरचं. तोवर राजघाटावर दगडात 'हे राम' कोरलं गेलं होतं, पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं होतं, आणि ज्याला काहीही आठवायचं त्याला त्या कोरीव अक्षरांतूनच आठवावं लागत होतं. या सगळ्याच्या आधीचा एकच कागद आहे, गोळ्या सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहिली गेलेली ती उर्दू फिर्याद. नंदलाल मेहता आश्रमातले नव्हते. आदल्या रात्रीचं बोलणं त्यांच्या कानावर असण्याचं कारण नव्हतं. 'शेवटचे शब्द' नावाची काही गोष्ट तोवर जन्मालाच आली नव्हती. खुनाची फिर्याद देताना ते ओघात सांगून जातात, की महात्माजी 'राम राम' म्हणत मागे पडले. एवढं बोलून ते आरोपीला कसं पकडलं, याकडे वळतात.

या कागदावरही डोळे मिटून विसंबू नये. त्यात मनुबेनचं नाव 'सन्नो' असं पडलं आहे आणि आरोपीचं 'नारायण'. म्हणजे ठाण्यातला अंमलदार कानावर पडेल तसं घाईत लिहीत होता. नावं चुकतात, तर 'हे राम' चं 'राम राम' होणंही अवघड नाही. उत्तरेत कुणी मरता मरता देवाचं नाव घेतलं, असं सांगायचं तर 'राम राम' हेच जिभेवर पटकन येतं. तेव्हा नेमके शब्द या कागदावरून ठरत नाहीत. पण रामाचं नाव ऐकू आल्याची बातमी कुणी नंतर पेरली, हा आरोप मात्र याच कागदापुढे टिकत नाही. पेरायला वेळच नव्हता.

म्हणून माझं मत असं : गांधीजींच्या तोंडून रामाचं नाव निघालं, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. तीन साक्षीदार तीन वेगवेगळ्या रूपांत तेच नाव सांगतात. तिघांनी तंतोतंत एकच वाक्य सांगितलं असतं, तर मला उलट संशय आला असता, कारण पढवलेल्या साक्षी तशा असतात. मात्र ते नेमकं 'हे राम' होतं, की 'हाय राम', की 'राम राम', की नुसता 'रा', हे आज कुणालाही ठरवता येणार नाही. दगडावर एकच रूप कोरता येतं, म्हणून 'हे राम' कोरलं गेलं. कल्याणम खरं बोलले आणि मनुबेनही खरं बोलली, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, की मरणाऱ्याचे शब्द कायद्याने पुरावा मानतात ना, मग त्याच कसोट्या इथे का लावू नयेत? थोडक्यात सांगतो. कायद्यातली मृत्युपूर्व जबानी वेगळी. आपलं मरण कशामुळे ओढवलं, याबद्दल मरणाऱ्याने सांगितलेलं तिच्यात येतं. कुणी पेटवलं, कुणी वार केला, अशा गोष्टी. देवाचं नाव किंवा दिवा मालवायची सूचना त्यात बसत नाही. पण जबानी तोलताना न्यायाधीश जे विचारतात ते आपल्याला उसनं घेता येतं. माणूस शुद्धीवर होता का, त्याला कुणी शब्द सुचवले का, ऐकणाऱ्याने लगेच लिहिलं का, आणि त्याचेच शब्द लिहिले की स्वतःच्या भाषेत सारांश काढला? शुद्धीबद्दल डॉक्टरांचा शेरा कागदावर हवाच का, यावर उलटसुलट निकाल होते. 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली सांगितलं, की शेरा नसला म्हणून जबानी आपोआप बाद होत नाही. जबानी घेणाऱ्याने माणूस भानावर असल्याची स्वतः खात्री करून घेतली होती, हे न्यायालयाला पटलं तर तेवढं पुरतं. म्हणजे तिथेही शेवटी खाटेजवळच्या माणसावरच येऊन थांबावं लागतं.

प्रश्न : गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकामुळे आमच्या घरी या विषयावर वाद होतो. वडील म्हणतात, गांधीजी काही बोललेच नाहीत, ते प्रत्यक्ष कटात असलेल्या माणसाने सांगितलं आहे. त्याला साक्षीदार मानायचं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कटात असणं वेगळं आणि जागेवर असणं वेगळं. २० जानेवारीला, बॉम्ब फुटला त्या दिवशी, गोपाळ गोडसे दिल्लीत होते. ३० जानेवारीला ते दिल्लीत नव्हते. म्हणजे त्या क्षणाबद्दल ते जे सांगतात ते ऐकीव आहे, आणि ज्याच्याकडून ऐकलं तो त्यांचा भाऊ, गोळ्या झाडणारा. गांधीजींच्या तोंडून शब्द नव्हे, नुसता 'आह' असा उद्गार निघाला, असं ते सांगत. २००० साली एका अमेरिकन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत तर त्यांनी चित्रपटाचा दाखला देऊन टोमणा मारला होता, की 'हे राम' बेन किंग्जली म्हणाला, गांधी नव्हे.

नथुराम सर्वांत जवळ होता, हे खरं. पण वर सांगितलं तेच इथेही लागू आहे. पिस्तूल त्याच्याच हातात होतं, म्हणजे त्याच्या कानांवर बार सर्वांत जोरात आदळले. तीन गोळ्या झाडून पुढच्या क्षणी लोकांच्या हाती सापडणाऱ्या माणसाचं लक्ष समोरच्याच्या ओठांवर कितीसं असेल, याचाही विचार करा. हितसंबंधही उघड आहे. रामनाम घेत मरण आलं तर गांधीजी हुतात्मा ठरतात आणि मारणारा अधिकच उघडा पडतो. मनुबेनच्या साक्षीतून तिची भक्ती वजा करायची, तर नथुरामच्या साक्षीतून त्याचा द्वेषही वजा करावा लागेल. दोन्हीकडे एकच मापटं हवं.

एक गोष्ट मात्र वडिलांच्या बाजूने सांगतो. गोपाळ गोडसे सांगतात तो 'आह' अशक्य मुळीच नाही. गोळी लागल्यावर फुप्फुसातली हवा ढकलली जाऊन तसा आवाज निघतोच, आणि त्याच्या मागोमाग, त्याच श्वासात 'राम' येऊ शकतो. गुरबचनसिंगांनी ऐकलेला 'हाय राम' आणि नथुरामने ऐकलेला 'आह' हे एकाच उद्गाराचे ऐकू आलेले दोन तुकडे असण्याची शक्यता मला बऱ्यापैकी वाटते. बधिर कानाला त्यातला पहिला स्वर तेवढा पोहोचला असेल. घरात वाद पुन्हा निघाला, तर पुस्तकांआधी फिर्यादीचा मजकूर काढून वाचा. तो जेमतेम पानभर आहे.